विश्लेषण : १ ते २४९ पैकी एक आकडा सांगा… कृष्णमूर्ती पद्धतीत ‘हो’ की ‘नाही’ कसे ठरते?

‘मुलीचा विवाह ठरेल का?’ या प्रश्नावर पारंपरिक ज्योतिषी पत्रिका मागतो. कृष्णमूर्ती पद्धतीचा ज्योतिषी प्रश्न मनात धरायला सांगून १ ते २४९ मधला एक आकडा विचारतो आणि थोड्या वेळात ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो. महाराष्ट्रात ही पद्धत शिकणारे आणि तिच्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत. हे उत्तर येते कुठून?

२४९ हाच आकडा का?

तमिळनाडूतील ज्योतिषी के. एस. कृष्णमूर्ती (१९०८-१९७२) यांचा आक्षेप राशीच्या आकाराला होता. एक रास ३० अंशांची. एक लग्नरास सुमारे दोन तास टिकते. त्या काळात जन्मलेल्या किंवा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर कसे द्यायचे? म्हणून ते राशीच्या आत शिरले. २७ नक्षत्रांपैकी प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. त्याचे त्यांनी नऊ तुकडे केले. पण समान नव्हे, तर विंशोत्तरी दशेच्या वर्षांच्या प्रमाणात. शुक्राची वर्षे २०, म्हणून त्याचा तुकडा २ अंश १३ कलांहून थोडा मोठा. रवीची ६, म्हणून त्याचा फक्त ४० कलांचा. या तुकड्याचा मालक म्हणजे उपनक्षत्रस्वामी, ज्योतिषांच्या बोलीत ‘सब’. २७ गुणिले ९ म्हणजे २४३. त्यातले सहा तुकडे दोन राशींच्या सीमेवर दुभंगतात, म्हणून एकूण २४९.

आठ आणि नऊमध्ये फरक काय?

सांगितलेला आकडा ज्या तुकड्याचा, त्याचा आरंभ हा लग्नबिंदू धरतात. विवाहासाठी सातवा भाव पाहायचा. तो लग्नाच्या बरोबर समोर येतो. ८ हा आकडा दिला, तर लग्न मेषेत ९ अंश २० कला आणि सप्तम भावारंभ तुळेत तितक्याच अंशांवर. ९ दिला, तर दोन्ही ११ अंश २६ कलांच्या पुढे सरकतात. राशी पाहणाऱ्याला यात काहीच बदललेले दिसत नाही. लग्न मेष, सप्तमेश शुक्र. शुक्र कुठे बसला, त्याच्यावर कोणाची दृष्टी, मंगळ कसा आहे, हे तो तोलतो आणि ‘योग आहे, पण विलंब’ अशा धर्तीचे उत्तर देतो.

उपनक्षत्र पाहणाऱ्याचे चित्र मात्र बदलते. दोन्ही वेळा नक्षत्र स्वातीच. पण ८ ला सप्तमाचा सब गुरू, ९ ला शनी. नियम असा, की ग्रह मुख्यतः आपल्या नक्षत्रस्वामीचे फळ देतो. विवाहाला २, ७, ११ हे भाव अनुकूल. १, ६, १०, १२ प्रतिकूल. समजा, त्या वेळी गुरू चंद्राच्या नक्षत्रात आहे आणि चंद्र अकराव्या भावात. गुरू अकराव्याचा कार्येश झाला, उत्तर ‘हो’. शनी बुधाच्या नक्षत्रात आणि बुध सहाव्या भावात असेल, तर उत्तर ‘नाही’. शुक्र कितीही बलवान असला, तरी निकाल सबचाच.

मग वाद कुठे होतात?

वरचे उदाहरण वाटते तितके स्वच्छ नाही. मेष लग्नाला गुरू बाराव्या भावाचाही स्वामी, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्या ग्रहाला ‘नाही’ची छटा. शनी अकराव्याचा स्वामी, म्हणजे उलट. यासाठी पद्धतीत बळाची उतरंड आहे : नक्षत्रस्वामी ज्या भावात बसला तो भाव पहिला, स्वतः ग्रह बसलेला दुसरा, नक्षत्रस्वामीच्या मालकीचे भाव तिसरे, ग्रहाच्या स्वतःच्या मालकीचे शेवटचे. ही उतरंड सोडून सोयीचा भाव उचलला, की कोणत्याही कुंडलीतून हवे ते उत्तर निघते. त्यामुळे निकाल ऐकताना सब कोणता आणि तो कोणत्या भावाचा कार्येश, तेही कोणत्या पायरीवर, हे विचारले तर उतरंड पाळली की नाही ते कळते.

जन्मकुंडलीवर ही पद्धत लावताना अडचण वेळेची. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते. म्हणजे रवीचा ४० कलांचा तुकडा तीनेक मिनिटांत ओलांडला जातो. रुग्णालयातल्या घड्याळाचा इतका भरवसा कोण देणार? शिवाय कृष्णमूर्ती अयनांश आणि लाहिरी अयनांश यांत सुमारे सहा कलांचे अंतर आहे. भावारंभ तुकड्याच्या कडेला असेल, तर ॲपमधली एवढी एक निवडही सब बदलते.

तुकडा लहान केल्याने उत्तर ठाम होते. ते खरे असते का, हा प्रश्न वेगळा. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० जन्मकुंडल्या दिल्या होत्या; हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरे सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाहीत. ती परीक्षा जन्मकुंडलीची होती, आकड्याच्या प्रश्नकुंडलीची नव्हे. पण आकड्याच्या पद्धतीतही एक पथ्य आहे : तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. वरच्या उदाहरणात आठाऐवजी नऊ मनात आला असता, तर त्याच मुलीचे, त्याच क्षणी उत्तर उलटे आले असते.