टायटसच्या वयातली दोन वर्षं

टायटस हा रोमचा सम्राट इ.स. ८१ साली १३ सप्टेंबरला वारला, याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो तो जन्मला कधी याचा. आणि या वादात दोन्ही बाजूंनी साक्ष देणारा माणूस एकच आहे.

तो म्हणजे सुएटोनियस. टायटसच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्यानं सम्राटांची चरित्रं लिहिली. हेड्रियन बादशहाचा पत्रव्यवहार काही काळ त्याच्याकडे होता, म्हणजे दप्तर त्याच्या हाताशी होतं. टायटसच्या चरित्राच्या सुरुवातीला तो सांगतो, की टायटस ३० डिसेंबरला जन्मला, एका दळभद्री घरातल्या अंधाऱ्या, चिमुकल्या खोलीत; ती खोली आजही दाखवतात. साल? ‘कॅलिग्युलाच्या खुनानं गाजलेलं.’ कॅलिग्युला इ.स. ४१ च्या २४ जानेवारीला मारला गेला. म्हणजे टायटसचा जन्म ४१ च्या अखेरीस. पण तोच लेखक त्याच चरित्राच्या शेवटी म्हणतो, की टायटस वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. बेचाळिसावं चालू म्हणजे एकेचाळीस पूर्ण. ८१ मधून मागे मोजा: जन्म ३९ चा. ४१ धरला, तर मरताना त्याला चाळिसावंच चालू होतं.

सुएटोनियसला साधा आकडा का लिहिता आला नाही? कारण त्याच्याकडे आपल्यासारखे सालांचे आकडे नव्हते. रोमन लोक वर्षाला नंबर देत नसत, नाव देत. १ जानेवारीला जे दोन कॉन्सल पदावर येत, त्यांच्या नावानं ते वर्ष ओळखलं जाई. ते पुढे चार महिन्यांत पायउतार झाले तरी वर्ष त्यांचंच. ३९ ला कॅलिग्युला दुसऱ्यांदा कॉन्सल होता, ४१ ला चौथ्यांदा. दोन्ही वर्षांच्या जोडीत पहिलं नाव कॅलिग्युलाचंच, फरक फक्त दुसऱ्या नावाचा आणि ‘कितव्यांदा’चा.

दुसरी शंका मला जास्त पटते, मात्र ती शंकाच आहे. टायटस लहानपणी क्लॉडियसचा मुलगा ब्रिटानिकस याच्याबरोबर राजवाड्यात वाढला, एकाच शिक्षकांकडे शिकला. ब्रिटानिकस जन्मला ४१ च्या फेब्रुवारीत, कॅलिग्युलाच्या खुनानंतर तीन आठवड्यांच्या आत. सोबत्याचं साल टायटसला चिकटलं असेल, तर नवल नाही.

आता तिसरा साक्षीदार. कॅशियस डिओनं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीकमध्ये रोमचा इतिहास लिहिला. त्यातला हा भाग आज मूळ रूपात नाही; अकराव्या शतकातल्या एका भिक्षूनं केलेला संक्षेप तेवढा उरला आहे. त्यात हिशेब असा: गादीवर येईपर्यंत टायटस ३९ वर्षं, ५ महिने, २५ दिवस जगला आणि नंतर २ वर्षं, २ महिने, २० दिवस त्यानं राज्य केलं. वहीच्या कोपऱ्यात मांडून बघा. ३० डिसेंबर ३९ मध्ये ३९ वर्षं मिळवली की ३० डिसेंबर ७८. पाच महिने पुढे, ३० मे ७९. आणखी २५ दिवस, २४ जून. बाप व्हेस्पेशियन गेला तो त्याच सुमारास. तिथून २ वर्षं, २ महिने, २० दिवस मोजले की १३ सप्टेंबर ८१.

इथे हरखून जायचा मोह होतो, पण जरा थांबायला हवं. महिने आणि दिवस जुळले, यावरून फक्त जन्मतारीख ३० डिसेंबर हे पक्कं होतं. साल ठरतं ते एकट्या ‘३९ वर्षं’ या आकड्यावर, आणि हस्तलिखितं उतरवून घेताना आकडेच सगळ्यात आधी बिघडतात. मग ३९ वर विश्वास का ठेवायचा? कारण सुएटोनियसचं ‘बेचाळिसावं’ लॅटिनमधून आलं आणि डिओचं ग्रीकमधून. दोन भाषांत, दोन वेगळ्या परंपरांत नकला करणारे लोक नेमके दोनच वर्षांनी आणि एकाच दिशेनं चुकले, असं मानणं कठीण. म्हणून आज बहुतेक पुस्तकांत ३९ छापलेलं असतं.

नाणी या भांडणात गप्प असतात. नाण्याला राजाचं वय ठाऊक नसतं, त्याची पदं ठाऊक असतात. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राचं अठरावं वर्ष, पुळुमावीचं एकोणिसावं वर्ष असे राज्यवर्षांचे आकडे कोरलेले आहेत. रोमन नाण्यावर तसे तीन आकडे एकदम चालतात. पहिला ट्रिब्यूनच्या सत्तेचा: ती टायटसला बापाच्या हयातीतच, १ जुलै ७१ ला मिळाली आणि दरवर्षी १ जुलैला एकानं वाढे. दुसरा तो कितव्यांदा कॉन्सल आहे याचा. हा आकडा दरवर्षी वाढत नाही. ७८ साली टायटस कॉन्सल नव्हता, म्हणून त्या वर्षीही नाण्यांवर ७७ चाच सहावा आकडा राहिला. तिसरा ‘इंपेरातोर’ या जयघोषाचा: मोठा विजय झाला की एकानं वाढतो, म्हणून तो कधी वाढेल याचा नेम नाही.

हे आकडे एकमेकांना किती घट्ट आवळतात पाहा. टायटस २४ जूनला सम्राट झाला आणि १ जुलैला ट्रिब्यूनसत्तेचं नववं वर्ष लागलं. मग सम्राटाची पदवी आणि तरीही ट्रिब्यूनसत्ता आठवी, असं नाणं फक्त त्या आठवड्याचं असायला हवं. अशी नाणी खरोखरच आहेत. टांकसाळीनं जुना साचा आणखी दोन-चार दिवस चालवला असेल, एवढीच सूट द्यायची.

मात्र हीच पद्धत एकदा जोरात फसली. पाँपेईतल्या ‘सोन्याच्या कड्याच्या घरात’ १९७४ साली माणसांच्या सांगाड्यांबरोबर पैसे सापडले. त्यात टायटसचा एक चांदीचा दिनार होता, मागच्या बाजूला मकर. ट्रिब्यूनसत्ता नववी, कॉन्सल सातव्यांदा. म्हणजे नाणं जुलै ते डिसेंबर ७९ मधलं. जयघोषाचा आकडा वाचला गेला पंधरा. आणि इथे गडबड झाली, कारण टायटसनं ७ सप्टेंबर ७९ ला स्पेनमधल्या मुनिगुआ गावाला पैशांच्या एका वादाबद्दल धाडलेलं पत्र ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं मिळालं आहे, आणि त्यात आकडा आहे चौदा. पंधरावा जयघोष डिओ ब्रिटनमधल्या अग्रिकोलाच्या पराक्रमाशी जोडतो. म्हणजे पंधराचं नाणं ७ सप्टेंबरनंतरचं. ते व्हेसुव्हियसच्या राखेखाली सापडलं, तर धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांतून आलेली २४ ऑगस्ट ही स्फोटाची तारीख बादच व्हायला हवी.

बरीच वर्षं असंच सांगितलं गेलं. नाणं खराब झालेलं. रोमन लिपीत चौदा म्हणजे फुलीसारखा एक्स आणि चार उभ्या रेघा. पंधरा म्हणजे एक्स आणि दोन तिरप्या रेघांचा व्ही. नखाएवढ्या चांदीच्या कडेला ही अक्षरं एक-दोन मिलिमीटरची. २०१३ साली ब्रिटिश म्युझियमच्या रिचर्ड अॅब्डी यांनी वाचन जाहीर केलं: चार उभ्या रेघा. चौदा. नाणं ऑगस्टच्या आधीचंही असू शकतं, म्हणजे स्फोटाच्या तारखेबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षांनी पाँपेईतच एका भिंतीवर कोळशानं खरडलेली तारीख निघाली, १७ ऑक्टोबरची. तिच्यावर साल नाही.