लेखांक ५ : जुन्या ई-स्कूटरच्या बॅटरीत किती जीव उरलाय?

तलासरीहून महामार्गाने निघालं की अच्छाडनंतर गुजरात सुरू होतो आणि थोड्याच वेळात वापी येतं. समजा, तिथली जीजे-१५ पासिंगची एक ई-स्कूटर डहाणूतल्या खरेदीदाराला दाखवली आहे. पहिली विक्री मार्च २०२३ची. मीटरवर १८,००० किलोमीटर. बॅटरीची वापरता येणारी क्षमता ३ युनिट.

विक्रेता सांगतो, "वॉरंटी ५०,००० किलोमीटरची आहे, अजून ३२,००० बाकी आहेत." पण कार्डावर '३ वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' असं असतं. मुदत मोजायची ती पहिल्या विक्रीपासून. व्यवहार डिसेंबर २०२५ मध्ये ठरला, तर हातात जेमतेम तीन महिने उरतात.

वॉरंटी कशाची, हेही वाचायला हवं. साध्या वॉरंटीत बहुधा निर्मितीतले दोष भरून मिळतात; वापराने हळूहळू घटलेली क्षमता त्यात येतेच असं नाही. एथरच्या 'एट-सेव्हन्टी' या जादा पैसे भरून घ्यायच्या योजनेत ८ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के क्षमतेची हमी आहे. असा आकडा कार्डावर नसेल, तर रेंज कमी झाल्याची तक्रार टिकणं कठीण. वाढीव वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, हे चासी नंबर देऊन कंपनीकडूनच लेखी घ्यावं. बॅटरीवरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. बॅटरी बाहेर कुठे उघडलेली असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

आता खुद्द बॅटरी. विक्रेत्याला आधीच सांगावं, की स्कूटर फुल चार्ज करून ठेवू नका, १० टक्क्यांवर आणा. मग भिंतीच्या सॉकेटमध्ये युनिट मोजणारा छोटा मीटर लावून मूळ चार्जरने ९० टक्क्यांपर्यंत चार्ज करावी.

या स्कूटरसाठी मीटरने २.२ युनिट दाखवले असं धरू. साधारण १२ टक्के वीज चार्जरमध्ये आणि उष्णतेत जाते. बॅटरीत सुमारे १.९ युनिट पोहोचले. हे ८० टक्के भरण्यासाठी लागले, म्हणजे पूर्ण बॅटरीत अंदाजे २.४ युनिट मावतात. मूळच्या ३ युनिटांपैकी हे ८० टक्के झाले.

हा अंदाज आहे. स्क्रीनवरचे टक्केही बॅटरीच्या नियंत्रण यंत्रणेने काढलेला हिशोबच असतो, त्यामुळे पाचेक टक्के इकडेतिकडे होतात. नेमका आकडा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या तपासणीत मिळतो. तिथे सेलमधल्या व्होल्टेजचा फरकही विचारावा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खूप मागे असेल, तर एकूण टक्केवारी चांगली दिसूनही गाडी चढावर अचानक दम सोडते.

म्हणून शेवटची चाचणी रस्त्यावर घ्यावी. डहाणू-बोर्डी हा किनाऱ्याचा सपाट रस्ता साधारण १७ किलोमीटरचा. जाऊन-येऊन टक्के एकसारखे उतरले तर ठीक. ३० वरून एकदम १५ वर घसरले, तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.

(पुढील आठवड्यात : परराज्यातल्या स्कूटरची एनओसी आणि मालकी हस्तांतर)