नोकरी करणारी एकटी मावशी दत्तक आई होऊ शकते का?

भुसावळच्या न्यायालयापुढे एक अर्ज आला होता. अर्जदार शिक्षिका, घटस्फोटित. तिला आपल्या बहिणीची लहान मुलगी दत्तक हवी होती. बहीण आणि मेहुणे राजी होते, चौकशीचे अहवालही अनुकूल होते. तरी २०२२ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. ही बाई घटस्फोटित आहे, नोकरी करते, त्यामुळे तिला मुलीकडे जातीने लक्ष देता येणार नाही. मुलगी जन्मदात्या आईजवळच बरी, असं कारण दिलं गेलं. कायदा मुलाचं हित कसं तपासतो आणि ती तपासणी कुठे घसरते, हे या प्रकरणात नीट दिसतं.

मुलगी बहिणीचीच, मग दत्तकाचा खटाटोप कशाला? नुसतं पालकत्व घेतलं असतं तर? १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली तसं घेता येतं. पण पालकाची जबाबदारी मूल अठरा वर्षांचं झालं की संपते, आणि पालकाच्या मालमत्तेत पाल्याला आपोआप वारसा मिळत नाही. कागदोपत्री मूल जन्मदात्यांचंच राहतं. दत्तकात उलट आहे. आदेश झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक पालकाचं होतं आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं. दत्तकाचं हे नातं सहसा मागे फिरवता येत नाही, म्हणूनच दत्तकाआधीची तपासणी कसोशीने होते.

धर्म कोणताही असो, नात्यातलं मूल दत्तक घेण्याची वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. नातेवाईक म्हणजे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी किंवा आजी-आजोबा. अर्जदाराने आधी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. जन्मदात्यांची लेखी संमती जोडायची. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती लागते. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून घरची चौकशी होते. कमाई किती, घरात कोण कोण आहे, कामाच्या वेळात मूल कोणाजवळ राहणार, आजारपणात पाठीशी कोण, मूल आत्ताच अर्जदाराला किती सरावलं आहे, हे सगळं अहवालात येतं. शेवटी आदेश देणाऱ्याने तीन गोष्टींची खात्री करायची: दत्तक मुलाच्या हिताचं आहे, मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घेतली आहे, आणि व्यवहारात पैशाची देवाणघेवाण झालेली नाही. पूर्वी, भुसावळच्या या प्रकरणाच्या वेळीही, हा आदेश न्यायालय देत असे. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपवलं.

भुसावळचा निकाल घसरला तो हिताच्या मुद्द्यावर. अहवालात काय आहे हे पाहण्याऐवजी न्यायालयाने दोन बायकांची तुलना केली: एक गृहिणी, दुसरी नोकरदार. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी हा निकाल रद्द केला. अशी तुलना कुटुंबाविषयीच्या मध्ययुगीन, जुनाट कल्पनेतून येते, असं त्यांनी म्हटलं. त्यांचा मुख्य मुद्दा साधा होता. अविवाहित किंवा घटस्फोटित व्यक्तीला दत्तक घेता येईल, असं कायदाच सांगतो. एकट्या माणसाला, अपवाद सोडले तर, पोटापाण्यासाठी काम करावंच लागतं. नोकरी हा दोष मानला, तर कायद्याने दिलेली मुभा उरतेच कुठे? न्यायालयाने पाहायचं ते एवढंच, की कायद्याच्या अटी पुऱ्या होतात का आणि अहवाल मुलाच्या हिताबद्दल काय सांगतात. अंदाजावर अर्ज फेटाळता येत नाही.

याचा अर्थ एकट्या अर्जदाराला आडकाठी नाहीच, असा नाही. एकट्या पुरुषाला या कायद्याखाली मुलगी दत्तक घेता येत नाही. नात्याबाहेरचं मूल हवं असेल तर वयाची मर्यादा येते: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी एकट्या अर्जदाराचं वय चाळीसच्या पुढे चालत नाही, आणि दोघांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचं अंतर लागतं. नात्यातल्या दत्तकाला वयाची ही अट नाही.

‘तुम्ही नोकरी करता, मग मुलाकडे कोण बघणार?’ हा प्रश्न चौकशीला येणारा माणूस विचारणारच, आणि तो विचारणं गैरही नाही. गैर आहे ते उत्तर न ऐकताच निकाल देणं. म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा: शाळेची वेळ, आपली सुटण्याची वेळ, मधल्या तासांत सांभाळणाऱ्या माणसाचं नाव, आणि आपल्याला काही झालं तर मुलाची जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाचा लेखी शब्द. हे अहवालात नोंदवून घ्या. एवढं असूनही अर्ज नुसत्या नोकरीवर बोट ठेवून फेटाळला गेला, तर विभागीय आयुक्तांकडे अपील करा. उच्च न्यायालयाचा हा निकाल तिथे तुमच्या कामी येईल.