वक्ते येईपर्यंत

अकोल्याहून अमरावतीस निघालेले वक्ते बडनेऱ्यासही पोहोचलेले नसतात आणि सभागृह मात्र भरलेले असते. अशा वेळी आम्ही त्यांचा परिचय राखून ठेवतो. तो आधीच दिला, तर ते आल्यावर सांगण्यास काही उरत नाही. त्याऐवजी विषयाची पार्श्वभूमी मांडतो. व्याख्यान मंदिरप्रवेशावर असल्यास अंबादेवी मंदिराचा प्रश्न आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरलेली परिषद सांगतो. निष्कर्ष वक्त्यांसाठी सोडतो. प्रत्येक मुद्दा दोन मिनिटांत पुरा होणारा असावा. वक्ते दारात दिसताच चालू वाक्य संपवून राखलेला परिचय चार वाक्यांत द्यावा. ‘पाच मिनिटांत येतील’ असे सांगू नये. सहाव्या मिनिटाला श्रोते उठू लागतात. ‘बडनेरा सोडले’ एवढी खरी वार्ता पुरेशी असते.