दाखला माहीमचा, बारावी वापीची

पालघर तालुक्यातल्या माहीम, केळवे, बोईसर भागात दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच खल चालतो: अकरावी पालघरला करायची, मुंबईला, की सरळ वापीला किंवा कोटाला? क्लास, फी, लोकल, होस्टेल या सगळ्याचा हिशोब होतो. पण पुढच्या राज्य कोट्याचा निकालही बराचसा याच निवडीने लागतो, हे बहुतेक पालकांना दोन वर्षांनी, कागदपत्रांच्या पडताळणीत कळते. तोवर ते बदलण्याची सोय उरलेली नसते.

समजा, माहीमची एक मुलगी आहे. जन्म पालघरचा, दहावी माहीमला, आईवडील पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. तिने अकरावी-बारावी वापीच्या सीबीएसई शाळेतून केली. नीट, सीईटी आणि जेईई या तिन्ही परीक्षांत तिला चांगले गुण मिळाले. तिच्या हातात तहसील कार्यालयातून मिळालेले वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आहे. तरीही तिन्ही वाटांवर तिचे स्थान वेगवेगळे ठरते.

एमबीबीएसच्या सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि त्यांना अधिवासाची अट नसते. उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण व्हावी लागते. इथे बोर्ड कोणते हे गौण आहे. शाळा कोणत्या राज्यात आहे, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे या मुलीला राज्य कोटा मिळत नाही. हीच बारावी तिने बोईसरच्या सीबीएसई शाळेतून केली असती, तर अडचण आली नसती.

राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात नियम थोडा सैल आहे. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात आणि जन्म किंवा अधिवास महाराष्ट्राचा असेल, तर उमेदवार ‘टाइप ए’ मध्ये येतो. ती यात बसत नाही. मात्र तिचा स्वतःचा, वडिलांचा किंवा आईचा अधिवास दाखला असल्याने ती ‘टाइप बी’ मधून महाराष्ट्राची उमेदवार राहते. एनआयटीचा हिशोब आणखी निराळा. तिथल्या निम्म्या जागा ‘होम स्टेट’च्या असतात आणि होम स्टेट ठरते ते फक्त बारावी कुठल्या राज्यातून झाली यावर. अधिवास दाखला तिथे विचारातच घेत नाहीत. म्हणून माहीमची ही मुलगी नागपूरच्या एनआयटीसाठी परराज्यातली आणि सुरतच्या एनआयटीसाठी घरची ठरते.

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत याच्या उलटी अडचण दिसते. रावतभाटा किंवा कैगाहून वडिलांची बदली झाली आणि मुलगा अकरावीला इथे आला, तर त्याची दहावी परराज्यातली असते. केंद्र सरकार किंवा त्याच्या उपक्रमातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी इंजिनिअरिंगला ‘टाइप सी’ आहे. त्यासाठी आई किंवा वडील महाराष्ट्रात रुजू झाल्याचे कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते ठरलेल्या नमुन्यात, अर्जाच्या अंतिम तारखेआधी रुजू झाल्याचे दाखवणारे हवे.

आता पुराव्यांकडे वळू. अधिवास प्रमाणपत्रासाठी ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र अशी कागदपत्रे सहसा मागतात. राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे असते, म्हणून जुनी वीजबिले, घरपट्टीच्या पावत्या आणि पहिलीपासूनच्या शाळांचे दाखले आधीच जमवून ठेवावेत. निकाल लागला की तहसीलमध्ये गर्दी होते. अर्ज त्याच्या काही महिने आधी करावा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा ‘जन्मस्थळ’ हा रकाना नीट वाचावा. इंजिनिअरिंगच्या ‘टाइप ए’ साठी तिथे महाराष्ट्रातले गाव असेल तर वेगळा अधिवास दाखला लागत नाही. पण तलासरी, डहाणू भागातली अनेक बाळंतपणे वापी-वलसाडच्या दवाखान्यांत होतात. अशा मुलाचे जन्मस्थळ गुजरातचे असते, मग अधिवास प्रमाणपत्राशिवाय गत्यंतर नाही. जन्मदाखल्यावर ‘जि. ठाणे’ असले तर मात्र घाबरू नये. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधीच्या नोंदी ठाण्याच्याच असणार, आणि त्या बरोबरच आहेत.

नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापले जातात आणि त्यात बदलही होतात. अकरावीचा अर्ज भरण्याआधी मुलाला कोणत्या वाटेने जायचे आहे ते ठरवून, त्या पुस्तिकेतले पात्रतेचे पान वाचावे. मेडिकलचा विचार असेल, तर बारावी महाराष्ट्रातच करावी.