खोलीबरोबर जेवणं किती? सीपी, एमएपी, एपी समजून घेताना

केरळची सहल ठरवायला घेतली की एजंटकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक येतं. हॉटेलांची नावं कळतात, गाडी कोणती तेही कळतं, पण पहिल्यांदाच स्वतः बुकिंग करणारा माणूस अशा एखाद्या ओळीपाशी अडतो :

`02N Munnar - MAP, 01N Thekkady - CP, 01N Houseboat - AP`

आकड्यापुढचा N म्हणजे रात्री. मुन्नारला दोन, ठेकडीला एक आणि हाउसबोटीवर एक. शेवटची अक्षरं आहेत जेवणाची. खोलीच्या भाड्यात कोणकोणतं खाणं धरलंय, ते ही अक्षरं सांगतात. दोन हॉटेलांच्या दरात हजार-बाराशेचा फरक दिसला की आपण महाग आणि स्वस्त असा हिशेब करतो. पुष्कळदा तो फरक खोलीचा नसतो, जेवणाचा असतो.

प्रकार मुळात चारच आहेत. नुसती खोली, खाणं काहीच नाही, तो ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन. बुकिंगच्या संकेतस्थळांवर यालाच ‘रूम ओन्ली’ म्हणतात. खोली आणि सकाळचा नाश्ता असेल तर सीपी, कॉन्टिनेंटल प्लॅन. संकेतस्थळावर ‘बेड अँड ब्रेकफास्ट’. नाश्ता आणि एक जेवण मिळत असेल तर एमएपी, मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन. त्याचं दुसरं नाव ‘हाफ बोर्ड’. हे एक जेवण बहुतेक ठिकाणी रात्रीचं असतं. आणि नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असं तिन्ही असेल तर एपी, अमेरिकन प्लॅन, म्हणजेच ‘फुल बोर्ड’. भारतातली हॉटेलं आणि एजंट सीपी-एमएपी बोलतात, परदेशी हॉटेलं आणि संकेतस्थळं हाफ बोर्ड-फुल बोर्ड लिहितात. वस्तू तीच.

खरा गोंधळ पुढे होतो, कारण ही जेवणं तारखेवर मोजली जात नाहीत, रात्रीवर मोजली जातात. सीपीची एक रात्र म्हणजे त्या रात्रीनंतरच्या सकाळचा एक नाश्ता. तुम्ही सकाळी आठ वाजता हॉटेलात पोहोचलात आणि खोली दुपारी दोनला मिळणार असेल, तर त्या सकाळचा नाश्ता तुमच्या भाड्यात नाही. बसलात तर वेगळं बिल येईल. एमएपीची एक रात्र म्हणजे त्या रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. त्यामुळे एमएपीच्या दोन रात्रींत दोन रात्रीची जेवणं आणि दोन नाश्ते येतात. एपीमध्ये दुपारचं जेवण पोहोचायच्या दिवशी धरायचं की निघायच्या दिवशी, हे हॉटेलगणिक बदलतं, म्हणून तेवढं आधीच विचारून घ्यावं लागतं.

आता वरच्याच सहलीत एकेक मुक्काम घेऊन पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही हॉटेलला लागू पडते.

समजा, मुन्नारच्या हॉटेलने दोन माणसांसाठी एका रात्रीचे दर असे दिले : सीपी 4,000 रुपये, एमएपी 5,200 आणि एपी 6,400. सीपी आणि एमएपीमधला फरक 1,200 रुपयांचा आहे. याचा अर्थ रात्रीचं एक जेवण माणशी 600 रुपयांना पडतंय. एपीसाठी आणखी 1,200, म्हणजे दुपारचं जेवणही माणशी 600 रुपये. दर मिळाले की आधी अशी वजाबाकी करावी आणि आलेल्या रकमेला माणसांच्या संख्येने भागावं. जेवणाची खरी किंमत समोर येते.

माणशी 600 रुपये जास्त की रास्त, हे हॉटेल कुठे आहे त्यावर ठरतं. मुन्नारच्या बाजारपेठेजवळ राहिलात तर चालत जाऊन याच्या निम्म्या पैशांत पोटभर जेवता येईल. तिथे सीपी पुरे. पण मुन्नारची बरीच रिसॉर्ट गावात नाहीत. ती पल्लिवासल, चितिरपुरमसारख्या भागांत, चहाच्या मळ्यांच्या उतारावर, गावापासून काही किलोमीटर लांब आहेत. दिवसभर घाट फिरवून आलेला ड्रायव्हर रात्री पुन्हा गाडी काढायला राजी नसतो, धुकं उतरलेलं असतं आणि आसपास खानावळ नसते. अशा ठिकाणी सीपी घेऊन गेलेल्या पाहुण्याला शेवटी हॉटेलच्याच मेन्यूकार्डावरून जेवण मागवावं लागतं आणि ते एमएपीच्या 600 रुपयांपेक्षा महाग पडू शकतं. लांबच्या रिसॉर्टला एमएपीच योग्य.

मग एपी का नको? आपण दुपारी कुठे असणार, ते पाहा. पहिल्या दिवशी कोचीच्या विमानतळावरून सकाळी दहाला निघालात तर साधारण 110 किलोमीटरच्या या रस्त्याला घाटामुळे चार-पाच तास लागतात. हॉटेलात पोहोचेपर्यंत तीन वाजतात, तोवर दुपारच्या जेवणाची वेळ संपत आलेली असते आणि तुम्ही वाटेत अडिमालीच्या आसपास जेवलेले असता. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मट्टुपेट्टी धरणाच्या किंवा टॉप स्टेशनच्या बाजूला असता. टॉप स्टेशन मुन्नारहून 32 किलोमीटरवर आहे, जेवायला कोणी परत येत नाही. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून ठेकडीकडे निघायचंय. म्हणजे एपीचे दोन दिवसांचे 2,400 जादा रुपये भरून दुपारचं एकही जेवण पदरात पडत नाही. न घेतलेल्या जेवणाचे पैसे हॉटेलं सहसा परत करत नाहीत.

ठेकडीची गोष्ट वेगळी. तिथली बहुतेक हॉटेलं कुमिळी गावात किंवा गावालगत आहेत. संध्याकाळी कथकली किंवा कळरिपयट्टूचा खेळ पाहून बाहेर पडलं की रस्त्यावरच खानावळी आहेत. त्यामुळे रात्रीचं जेवण हॉटेलला बांधून घ्यायची गरज नाही, सीपी ठीक. फक्त नाश्त्याची वेळ तपासा. पेरियार तलावातली पहिली बोट सकाळी साडेसातची असते आणि त्याआधी बराच वेळ प्रवेशद्वाराशी पोहोचावं लागतं. हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होत असेल तर तो बोटीहून परतल्यावरच मिळेल. तोवर नाश्ता चालू असतो का, आणि नसेल तर डबा बांधून देतात का, हे आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून ठेवावं. पुष्कळ हॉटेलं उकडलेली अंडी, ब्रेड, फळ असा डबा देतात, पण तो आधी सांगितला तरच.

आळप्पुळच्या हाउसबोटीला एपीशिवाय पर्यायच नसतो आणि नसावाही. तिथे साधारण दुपारी बाराला बोटीवर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरायचं. चढल्यावर दुपारचं जेवण, संध्याकाळी चहा आणि केळ्याची भजी म्हणजे पळंपोरी, रात्रीचं जेवण, सकाळी नाश्ता असा क्रम असतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला लागते, कारण नंतर कोळी जाळी टाकतात. एकदा बोटीवर चढलं की स्वयंपाकीण म्हणा, खानावळ म्हणा, सगळं त्या बोटीवरच. म्हणून शाकाहारी किती, मासे खाणारे किती, जैन जेवण हवंय का, हे बुकिंग करतानाच लेखी कळवा. सामान सकाळीच भरलेलं असतं. वाटेत बोट थांबवून मोठी कोळंबी किंवा मासे घेतले तर त्याचे पैसे वेगळे. जेवण समाविष्ट याचा अर्थ ठरलेला मेन्यू समाविष्ट, मागाल ते नव्हे.

हीच मर्यादा हॉटेलातही असते. सीपी-एमएपीमध्ये बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, खोलीत मागवलेला चहा सहसा धरलेला नसतो. युरोपात हाफ बोर्ड घेतलं तरी जेवणासोबतच्या पाण्याच्या बाटलीचं बिल येतं, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावं. बफेचा फोटो पाहून बुकिंग केलं असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. पाहुणे कमी असले की हॉटेल बफे न मांडता ठरावीक ताट देतं. ताट वाईट नसतं, पण लहान मुलांना त्यातलं काही चालेल का, ते पाहावं लागतं.

घरच्या माणसांचा हिशेबही नीट लिहून घ्या. खोलीचा दर बहुधा दोघांचा असतो. सोबत आजी असेल तर तिच्यासाठी जादा पलंग आणि तिचं जेवण असे दोन्ही पैसे लागतात. आठ वर्षांच्या मुलीला पलंग घेतला नाही, तरी नाश्त्याचे पैसे लागू शकतात. मोफतची वयोमर्यादा प्रत्येक हॉटेलची वेगळी असते. व्हाउचरवर नुसतं ‘2 Adults’ छापलं असेल तर सकाळी नाश्त्याच्या दारात खोली क्रमांक तपासणारा माणूस उरलेल्यांचं वेगळं बिल करणार आणि नियमाने ते बरोबरच असेल.

दोन ठिकाणी विशेष सावध राहा. भारतातल्या दरपत्रकांत CPAI, MAPAI असं दिसतं. तिथलं शेवटचं AI म्हणजे कर धरून दर. परदेशी रिसॉर्टच्या दरात AI हे ‘ऑल इन्क्लुझिव्ह’साठी येतं, त्यात दिवसभराचं खाणं आणि बरीचशी पेयंही असतात. दुसरी गोष्ट नाताळ आणि 31 डिसेंबरची. गोवा-केरळमधली अनेक हॉटेलं त्या रात्री ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात. एमएपी घेतलं असलं तरी त्याचे माणशी वेगळे पैसे लावतात.

म्हणून पैसे भरण्याआधी हॉटेलला किंवा एजंटला अक्षरांत नव्हे, ताटांत मोजून लिहा : “मुन्नार, दोन रात्री, तीन मोठी माणसं आणि आठ वर्षांची एक मुलगी. दोन रात्रीची जेवणं आणि दोन नाश्ते चौघांसाठी, कर धरून एकूण किती? पहिलं जेवण कोणतं, शेवटचं कोणतं?” याचं लेखी उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. हॉटेलच्या काउंटरवर वाद झाला तर तेच कामी येतं.