शेपटीवरून बिबट्या ओळखताना

ऊसतोडीच्या दिवसांत जुन्नर, शिरूर, निफाड, सिन्नर या पट्ट्यात एक ठरावीक प्रकारचा फोटो गावागावांतल्या मोबाइलवर फिरू लागतो. फोटोत बहुतेक सगळा ऊसच असतो. एका कोपऱ्यात बांधाच्या कडेला पिवळसर-करडी शेपटी दिसते, किंवा पाचटातून वर आलेला एक कान. फोटोखाली एवढंच लिहिलेलं असतं : बिबट्या आला. संध्याकाळपर्यंत शाळेत जाणाऱ्या पोरांना एकटं सोडणं बंद होतं, रात्रीचं पाणी द्यायला कोणी जात नाही आणि वनखात्याकडे पिंजऱ्याची मागणी पोचते.

या भीतीला आधार आहे. या भागातला बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं देतो. पण त्याच उसात रानमांजर असतं, जवादी मांजर असतं, कोल्हा असतो, वाघाटीही असते. फोटोत जनावराचा एखादाच अवयव असला तरी यांतलं नेमकं कोण, हे बऱ्याचदा सांगता येतं. मात्र त्यासाठी आधी रंग बाजूला ठेवून मापं आणि प्रमाणं पाहावी लागतात.

जनावर फोटोत अर्धवट का येतं, त्याचं कारण कॅमेऱ्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप समोरून जाणाऱ्या शरीराची उष्णता आणि हालचाल टिपतो आणि मग फोटो काढतो. या दोन्हींमध्ये क्षणभराचं अंतर पडतं. जनावर चालत असेल तर तेवढ्यात त्याचं तोंड आणि खांदा चौकटीबाहेर गेलेले असतात आणि मागे शेपटी उरते. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत अशा कॅमेऱ्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो काढले. त्यांत वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७ होते. बाकीच्या ढिगात गवत, गुरं, माणसं आणि इतर असंख्य प्राणी होते. अशा ढिगातले अर्धेमुर्धे फोटो वाचण्याची जी रीत अभ्यासकांच्या अंगवळणी पडली आहे, तीच गोठ्यावरच्या सीसीटीव्हीलाही लागू पडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, गोठ्याच्या कॅमेऱ्यात रात्री अडीचच्या सुमाराला एक जनावर गेलं आहे. त्याचं धड चौकटीबाहेर आहे. फक्त मागचा एक पाय आणि पूर्ण शेपटी दिसते. शेजारी गुरांच्या पाण्याचा हौद आहे. चित्र काळं-पांढरं आहे, कारण रात्री कॅमेरा अवरक्त प्रकाशावर चालतो. म्हणजे जनावर पिवळं होतं की तांबूस की राखाडी, हा प्रश्नच उरत नाही. हाताशी आहेत त्या शेपटी आणि पाय, एवढ्याच गोष्टी.

पहिला प्रश्न असा, की शेपटी पायाच्या तुलनेत कुठवर पोचते? बिबट्याची शेपटी साधारण दोन ते सव्वातीन फूट लांब असते. तो निवांत चालत असताना ती मागे खाली झुकून जवळजवळ जमिनीपर्यंत येते आणि टोकाला पुन्हा वर वळते. रानमांजराची शेपटी फार तर फूट-सव्वाफूट भरते. खाली सोडली तर ती मागच्या पायाच्या घोट्यापाशीच संपते. घोटा म्हणजे मागच्या पायाचा तो कोनासारखा मागे आलेला सांधा, ज्याला पुष्कळजण चुकून गुडघा म्हणतात. आपल्या फोटोतली शेपटी घोट्याच्या जरा खाली जाऊन थांबली आहे. इथेच बिबट्याची शक्यता बरीच कमी होते.

दुसरा प्रश्न जाडीचा. मार्जार कुळातल्या प्राण्यांची शेपटी बुडापासून टोकापर्यंत जवळपास सारख्या जाडीची असते, दोरखंडासारखी. मुंगसाची बुडाशी जाड असून टोकाकडे निमुळती होत जाते. कोल्ह्याची मध्यावर झुपकेदार असते. फोटोतली शेपटी एकसारखी आहे, म्हणजे कोल्हा आणि मुंगूस यादीतून गेले.

तिसरा प्रश्न नक्षीचा, आणि इथे घाई नडते. शेपटीवर काळे पट्टे दिसले की लोक लगेच बिबट्या किंवा वाघ म्हणतात. प्रत्यक्षात बिबट्याच्या शेपटीवर वरच्या बाजूला सुटे ठिपके असतात, टोकाकडे जाता जाता ते एकमेकांना मिळून अर्धवट कड्यांसारखे दिसतात आणि खालची बाजू पांढरी असते. टोक वर वळलेलं असलं की ही पांढरी बाजू रात्रीच्या फोटोत लख्ख चमकते. जवादी मांजराच्या शेपटीवर बुडापासून टोकापर्यंत स्पष्ट, पूर्ण कडी असतात. रानमांजराची शेपटी बुडाकडे साधी असते. फक्त शेवटच्या भागात दोन-चार गडद कडी आणि मग काळं टोक. आपल्या फोटोत टोक काळं आहे आणि त्याच्या वर दोन कडी आहेत. आता उत्तर रानमांजराकडे झुकतं.

तरीही एक तपासणी बाकी राहते. गोठ्यावरचा कॅमेरा उंचावर लावलेला असतो आणि वरून खाली पाहतो. अशा कोनातून पाय आखूड दिसतात आणि लेन्सजवळून गेलेलं मांजर वाघाएवढं भासतं. त्यामुळे शेपटी आणि पायाचं प्रमाणही थोडं फसवं असू शकतं. याला एक साधा उपाय आहे. एका काठीवर दर दहा सेंटिमीटरला खुणेची पट्टी चिकटवायची, जनावराचा पाय जिथे पडला नेमक्या त्याच जागी ती उभी धरायची आणि कॅमेरा न हलवता त्याच कॅमेऱ्यातून तिचं चित्र घ्यायचं. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की उंची वाचता येते. रानमांजर खांद्यापाशी सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर भरतं, बिबट्या ६० ते ७०. फोटोतला पुठ्ठा काठीच्या चौथ्या खुणेच्या आत राहिला, तर बिबट्याचा विषय संपतो. काठी नसेल तर हौदाची उंची मोजूनही काम भागतं. मात्र जनावर हौदाला अगदी लागून गेलेलं असलं पाहिजे. ते हौदाच्या दोन पावलं पुढून गेलं असेल तर हे मोजमाप चुकणार.

शेपटी चौकटीत नसेल तर कान उपयोगी पडतो, विशेषतः कानाची मागची बाजू. वाघाच्या कानामागे काळ्यावर मोठा पांढरा ठिपका असतो, तो दुरूनही डोळ्यासारखा दिसतो. बिबट्याच्या कानाची मागची बाजूही काळी असते आणि मध्ये फिकट डाग असतो. पण त्याचा कान डोक्याच्या मानाने लहान आणि गोलसर असतो. रानमांजराचा कान मोठा व त्रिकोणी, मागून तांबूस, आणि टोकावर काळ्या केसांचा छोटासा झुपका. उसाच्या पाचटातून वर आलेला कान टोकदार असेल, तर तो बिबट्याचा नाही, एवढं तरी ठामपणे सांगता येतं. मोठे, लांब, टोकदार कान तरसालाही असतात, पण त्याच्या पायांवरचे आडवे पट्टे सहसा शंका ठेवत नाहीत.

नुसता पंजा दिसला तर काम सगळ्यात अवघड होतं. मार्जार कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. कुत्रा, कोल्हा आणि तरस यांची नखं बाहेरच राहतात. त्यामुळे स्वच्छ फोटोत नखं दिसली, तर मांजराच्या कुळाची शक्यता मागे पडते. पायावर भरीव काळे ठिपके थेट खालपर्यंत उतरले असतील तर ते बिबट्याचं लक्षण. त्याच्या अंगावरचे फुलासारखे, मध्ये पिवळट जागा असलेले ठिपके पायांवर येईपर्यंत भरीव होतात. रानमांजराच्या पायांवर वरच्या भागात पुसट आडव्या रेघा असतात. पण पळत्या जनावराचा पाय रात्रीच्या फोटोत हलून विरतो आणि ठिपके काय, रेघा काय, सगळंच एक राखाडी डाग होऊन बसतं. अशा फोटोवर जाणकार माणूस नाव लिहीत नाही. फार तर ‘मार्जार कुळातला प्राणी’ असं लिहितो, नाहीतर ‘ओळख पटली नाही’ अशी नोंद करतो. मग आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत त्याच प्राण्याचा दुसरा एखादा अवयव आला आहे का, ते शोधतो. व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. त्याचं मुख्य कारण वेगळं आहे : वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. पण एका कॅमेऱ्यात नुसती शेपटी आली असताना समोरच्या कॅमेऱ्यात तोंड सापडण्याचा फायदाही त्यातून मिळतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र पिल्लांच्या फोटोत होतो. ऊस तोडता तोडता शेवटच्या काही सऱ्यांत तीन-चार पिल्लं सापडतात. कोणीतरी हातात घेऊन फोटो काढतं आणि त्यात बोटांच्या मधून डोकावणारं ठिपकेदार अंग आणि एखादा पाय तेवढा दिसतो. मोठेपणी जवळपास साधं दिसणारं रानमांजर लहानपणी चांगलं ठिपकेदार आणि पट्टेदार असतं. वाढता वाढता ही नक्षी फिकी होते. वाघाटी तर पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपासच भरते, आणि तिच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात. त्यामुळे ‘ठिपके आहेत म्हणून बिबट्या’ हा हिशेब पिल्लांच्या बाबतीत हमखास चुकतो. इथेही शेपटी आणि पंजाच उत्तर देतात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने बोजड, गादीसारखे असतात आणि शेपटी लांब, जाड, ठिपकेदार. रानमांजराच्या पिल्लाची शेपटी बारीक आणि कान लवकरच उभे, टोकदार होतात. वाघाटीच्या शेपटीवर कडी नसतात, पण डोळ्यांच्या मधून कपाळावर चढणाऱ्या पांढऱ्या रेषा असतात. फोटोत कपाळ आलं असेल तर तेवढ्यावर उत्तर मिळतं.

फोटोवरून नाव ठरायला तासभर लागला तरी शेतात पहिलं पाऊल बदलत नाही. जुन्नर परिसरात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या केंद्रातली मंडळी सापडलेली पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी, उथळ खोक्यात ठेवतात, जवळ कॅमेरे लावतात आणि सगळ्यांना दूर नेतात. रात्रीतून मादी येते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून घेऊन जाते. बिबट्याच्या पिल्लांसाठी हे करतात, तसंच रानमांजराच्या आणि वाघाटीच्या पिल्लांसाठीही. सकाळी कॅमेरा उघडला की त्यात बहुतेक वेळा रिकामं होत जाणारं खोकं असतं आणि एखाद्या चित्राच्या कडेला, उसात शिरणारी आईची शेपटी.